‘या फोटोला कॅप्शन द्या’ : संदर्भाविना आलेल्या मागणीचे वाचन

‘मॅडम, या फोटोला एक छानशी कॅप्शन लिहून द्या ना.’ सोबत एक छायाचित्र, आणि बाकी काही नाही. मराठी शिकवणाऱ्यांकडे आणि लिहिणाऱ्यांकडे अलीकडे अशी मागणी वारंवार येते. विद्यार्थी मागतात, माजी विद्यार्थी मागतात, संस्थांचे कार्यकर्ते मागतात. मागणी एका ओळीची असल्याने काम दोन मिनिटांचे वाटते, आणि आपण बहुधा दोन मिनिटांत ते उरकतोही. ही मागणी अपुरी का असते, तिच्यातले नेमके काय गाळलेले असते आणि ते भरून कसे काढावे, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहणे हा या टिपणाचा हेतू आहे. प्रसारमाध्यमांसाठी लेखन हा विषय पदवीच्या वर्गात शिकवताना मी जे वापरते तेच येथे मांडते.

गाळलेल्या गोष्टी तीन असतात. मजकूर कुठे दिसणार, तो कोणाच्या तोंडी आहे आणि वाचल्यावर वाचकाने काय करावे अशी अपेक्षा आहे. व्यवसायाच्या भाषेत यांना प्लॅटफॉर्म, ब्रँडचा आवाज आणि पोस्टचा उद्देश म्हणतात. शब्द नवे असले तरी प्रश्न आपल्या शास्त्राला जुना आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात अर्थातून व्यंग्य कसे उमगते हे सांगताना त्याला साहाय्य करणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे. तीत बोलणारा, ज्याला उद्देशून बोलायचे तो, जवळ असलेला तिसरा, प्रस्ताव म्हणजे प्रसंग, देश आणि काळ हे घटक येतात. पुढे पाचव्या उल्लासात सूर्य मावळल्याचे साधे विधान घेऊन तो दाखवतो, की सेनापतीला ते हल्ल्याची वेळ सांगते, गुराख्याला गुरे परत वळवण्याची आणि उपासकाला संध्येची. वाक्य तेच राहते, बदलतात ते भोवतीचे घटक. बिनसंदर्भाच्या कॅप्शनची मागणी म्हणजे हे सगळे घटक काढून घेऊन केवळ वाक्य मागणे होय.

छायाचित्राच्या बाबतीत अडचण दुप्पट होते, कारण चित्र स्वतःच अनेकार्थी असते. रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६४ साली पास्त्याच्या एका जाहिरातीचे विश्लेषण करताना हा मुद्दा मांडला. चित्राचे अनेक अर्थ तरंगत असतात आणि शब्द त्यांपैकी एकाला नांगर टाकून धरून ठेवतो, असे त्याचे म्हणणे. नांगर कुठे टाकायचा हे चित्र सांगत नाही. ते मागणाऱ्याला ठाऊक असते, किंवा असायला हवे.

एक छायाचित्र

उदाहरण फोंडा तालुक्यातील महिलांच्या एका स्वयंसाहाय्य गटाचे घेऊ. गटाचे समाजमाध्यमांचे काम पाहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने मे महिन्याच्या उत्तरार्धात वरीलप्रमाणे मागणी केली. छायाचित्रात एक काचेची बाटली होती, आत गडद लाल द्रव. शेजारी स्टीलच्या ताटात फोडलेली भिरंडे आणि कडेला फळ फोडणाऱ्या एका बाईचा हात. बाटलीवरचे लेबल पाठमोरे होते.

अशा वेळी हाताशी पहिले येणारे वाक्य काय असते, ते पाहण्यासारखे आहे. वर्गात हेच चित्र ठेवले तेव्हा बहुतेकांनी या धर्तीवर लिहिले : ‘उन्हाळ्याच्या काहिलीत थंडावा देणारे, शुद्ध, नैसर्गिक, घरगुती कोकम! आजच मागवा!’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण त्यातील ‘कोकम’ काढून ‘आवळा’ घातले, किंवा ‘लिंबू’ घातले, तरी वाक्य तितकेच बसते. संदर्भ नसताना लिहिलेल्या कॅप्शनची ही पहिली खूण आहे. सांगण्यासारखे काही हाती नसते, म्हणून रिकामी जागा विशेषणांनी भरली जाते.

ही विशेषणे निरुपद्रवीही नसतात. अन्नसुरक्षा व मानके यांसंबंधीच्या जाहिरात आणि दावे विनियमांनी (२०१८) खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा करायला मनाई केली आहे, आणि ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांच्या वापराला अटी घातल्या आहेत. आपण सहज लिहिलेले ‘पित्तावर रामबाण’ बाटली विकणाऱ्या बायकांच्या अंगाशी येऊ शकते. लिहिणाऱ्याचे नाव तिथे कुठेच नसते.

त्याहून मोठी गफलत ‘थंडावा’ या शब्दात आहे. लाल द्रवाची बाटली पाहून बाहेरचा माणूस ते सरबत समजतो. पण ते अमृत कोकम असू शकते किंवा आगळ. अमृत कोकम साखरेचे, पाणी घालून पिण्याचे. आगळ म्हणजे भिरंडाच्या सालीला मीठ लावल्यावर सुटणारा रस. तो खारट-आंबट असतो, त्यात साखर नसते आणि तो मुख्यतः सोलकढीत व आमटी-कालवणात जातो. ‘थंडावा’ वाचून कोणी आगळ मागवले आणि पाण्यात घालून पाहुण्यांपुढे ठेवले, तर ते गिऱ्हाईक परत येणार नाही. चित्र पाहून दोहोंतला फरक कळत नाही, आणि लेबल पाठमोरे होते. तेव्हा चित्राचे वाचन म्हणजे केवळ दिसते ते टिपणे नव्हे. काय दिसत नाही तेही टिपायचे असते. मी पहिला प्रश्न तोच विचारला. बाटलीत आगळ होते.

विचारायचे कसे

मग उरले ते तीन प्रश्न. ते त्याच शब्दांत विचारले तर उपयोग होत नाही. ‘तुमच्या ब्रँडचा आवाज कोणता?’ असे विचारल्यास ‘साधा, आपुलकीचा’ असे उत्तर येते. ‘उद्देश काय?’ याला ‘लोकांपर्यंत पोहोचणे’ असे. ही उत्तरे खोटी नसतात, पण त्यांतून एकही शब्द निवडता येत नाही. दहा प्रश्नांचा तक्ता पाठवला तर मागणारा पुन्हा फिरकत नाही. म्हणून प्रश्न तीनच ठेवावेत आणि समोरच्याला विचार न करता उत्तर देता येईल असे ठेवावेत.

पहिला प्रश्न : हे नेमके कुठे टाकणार, आणि तिथे तुम्हाला ओळखणारे किती, अनोळखी किती? दुसरा : याआधी तुम्ही स्वतः लिहिलेले तीन संदेश जसेच्या तसे पाठवा. तिसरा : हे वाचून माणसाने उठून काय करावे?

तिसऱ्या प्रश्नाला आलेल्या उत्तराने सगळेच उलटे झाले. ती म्हणाली, ‘फळे आणून द्यावीत. बाटल्या तर संपल्याच, मॅडम. ही शेवटची फोटोपुरती ठेवली होती.’ आजूबाजूच्या घरांच्या परसात भिरंडाची झाडे आहेत. कोणी फळे काढत नाही, ती खाली पडून वाया जातात. पाऊस सुरू झाला की फळही टिकत नाही आणि सालही वाळत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस गोव्यात पोहोचतो, म्हणजे हाती मोजके दिवस होते. गटाला गिऱ्हाईक नको होते, शेजाऱ्यांच्या परसातली भिरंडे हवी होती.

म्हणजे ‘आजच मागवा’ हे वाक्य, ते कितीही छान असते, तरी नसलेल्या मालाची मागणी घेऊन आले असते. एकेकाला ‘संपले’ म्हणून कळवण्यात बायकांचा वेळ गेला असता, आणि फळे पडूनच राहिली असती. वाचक कोण हे आपण चित्रावरून ठरवले होते. बाटली दिसली म्हणून ग्राहक गृहीत धरला. मम्मटाचा ‘प्रस्ताव’ हा घटक गाळला की असे होते.

जागा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते ‘व्हॉट्सॲप स्टेटस, आणि मग इन्स्टाग्रामवरही’. या दोन जागा एकच मजकूर टाकण्याच्या दोन भिंती नव्हेत. स्टेटस एकमेकांचे क्रमांक जतन केलेल्यांनाच दिसते आणि चोवीस तासांनी नाहीसे होते. त्यावरचे उत्तर थेट आपल्या खासगी संवादात येते. म्हणून तिथे ओळख करून द्यावी लागत नाही, पण मुदत सांगावी लागते. इन्स्टाग्रामवर अनोळखी वाचक येतो, तोही महिन्यांनंतर येऊ शकतो. कॅप्शनची मर्यादा २२०० अक्षरचिन्हांची असली तरी मजकूर न उघडता पहिली एकदोन ओळीच दिसतात, आणि कॅप्शनमधला दुवा दाबून उघडत नाही. तेथे ‘शनिवारपर्यंत’ हा शब्द धोक्याचा, कारण वाचणाऱ्याला कोणता शनिवार हे कळत नाही. तारीखच लिहावी लागते.

मर्यादेबद्दल मराठी लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. एक्ससारख्या २८० चिन्हांच्या जागी आपण अक्षरे मोजतो, यंत्र मात्र मात्रा आणि हलन्त वेगळे मोजते. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर, पण मोजणीत स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईची वेलांटी अशी सहा चिन्हे होतात. जोडाक्षरांनी भरलेले संस्कृतप्रचुर वाक्य दिसते त्याहून लवकर मर्यादा ओलांडते.

आवाज

मराठीत आवाजाचा प्रश्न टाळताच येत नाही, कारण तो व्याकरणातच बसलेला आहे. आज्ञार्थी क्रियापद लिहायचे म्हणजे ‘आण’, ‘आणा’ किंवा ‘आणावे’ यांतले एक निवडावेच लागते. निवडले की बोलणारा आणि ऐकणारा यांचे नाते ठरते. तसेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही आगळ बनवतो’ म्हटले की वाचक बाहेर राहतो. ‘आपण भिरंडे वाया जाऊ देतो’ म्हटले की तो आत येतो, आणि दोषाचा थोडा वाटाही उचलतो.

नामाची निवडही तशीच. या एका फळाला गोव्यात आणि लगतच्या सिंधुदुर्गात भिरंड म्हणतात, त्याच्या वर रातांबा म्हणतात, आणि पुणे-इंदूरकडे फळ फारसे कोणी पाहिलेलेच नसल्याने वाळलेल्या सालीलाच कोकम किंवा आमसूल म्हणतात. ‘भिरंड’ लिहिले की शेजारी ओळखतो आणि दूरचा थबकतो. ‘कोकम’ लिहिले की उलट घडते. परसातले झाड ज्याचे आहे त्याला ‘कोकमाची फळे’ म्हणणे म्हणजे त्याच्याशी पुस्तकातून बोलणे होय.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आलेले तीन जुने संदेश येथे कामी आले. त्यांत वाक्ये आखूड होती, एकही उद्गारचिन्ह नव्हते, वाचकाला ‘तुम्ही’ होते आणि प्रत्येक संदेशाचा शेवट ‘सांगा’ने होत होता. हा त्या गटाचा आवाज. तो घडवायला कोणाची गरज नव्हती, ऐकायची तेवढी गरज होती. बाहेरून आणलेली काव्यात्मक ओळ या आवाजात मिसळली असती, तर शेजारणींनी ती लगेच ओळखली असती. ‘हे तू लिहिले नाहीस’ असे कोणी म्हणाले की मजकुरावरचा विश्वास थोडा कमी होतो.

लिहिलेले मजकूर

स्टेटससाठी मजकूर असा झाला :

‘तुमच्या परसात भिरंडे पडून वाया जातात का? आम्हाला हवी आहेत. पिकलेली, न फुटलेली आणा. किलोला ___ रुपये देतो. पाऊस सुरू होईपर्यंत रोज सकाळी १० ते १ गटाच्या शेडमध्ये. जास्त असतील तर आम्ही न्यायला येतो, फक्त सांगा.’

दराची जागा मी कोरी ठेवली. लिहिणाऱ्याने माहिती भरू नये, ती मागणाऱ्याने भरावी. कोरी जागा डोळ्यांत खुपते, म्हणून ती भरली जाते. अंदाजाने घातलेला आकडा मात्र तसाच पुढे जातो. ‘न फुटलेली’ हा शब्द तिच्याकडूनच आला. फुटलेल्या फळांना माती लागते आणि ती बाजूला काढावी लागतात. विशेषणांपैकी ‘पिकलेली’ आणि हे अशी दोनच उरली, आणि ती कामाची आहेत.

त्याच छायाचित्राखाली इन्स्टाग्रामसाठी वेगळा मजकूर लागला. तेथला अनोळखी वाचक फळे आणून देणार नाही. त्याने पुढच्या हंगामात योग्य बाटली मागावी इतकीच अपेक्षा होती.

‘ही बाटली सरबताची नव्हे. हे आगळ : कोकमाच्या, म्हणजे आमच्या भिरंडाच्या, सालीला मीठ लावले की सुटतो तो रस. यात साखर नाही. नारळाच्या दुधात चवीपुरते घातले की सोलकढी होते. आगळ खारट असते, म्हणून वरून मीठ घालण्याआधी चाखून पाहा. यंदाचे आगळ संपले. पुढचे आल्यावर इथे सांगू.’

येथे पहिले वाक्य मुद्दाम नकारार्थी आहे. न उघडता दिसणाऱ्या ओळीत गैरसमज आधी दूर व्हावा म्हणून. ‘कोकम’ आणि ‘भिरंड’ दोन्ही आले, कारण वाचक दूरचा आणि आवाज इथला. ‘संपले’ हेही स्पष्ट आले. दोन्ही मजकुरांत छायाचित्र एकच आहे, पण एकाचा नांगर ताटातल्या फळांवर पडतो आणि दुसऱ्याचा बाटलीवर.

उत्तर मिळाले नाही तर

प्रत्येक वेळी उत्तर मिळतेच असे नाही. मागणारा घाईत असतो, किंवा त्यालाच ठाऊक नसते. अशा वेळी दोन मार्ग उरतात. पहिला, गृहीतक उघड लिहून दोन मजकूर देणे : ‘हा ओळखीच्यांसाठी, विक्रीकरिता, हा अनोळखींसाठी, माहितीकरिता.’ दोनच द्यावेत. सहा पर्याय दिले की मागणारा आवाजावरून किंवा उद्देशावरून निवडत नाही, नादावरून निवडतो. दोन समोर ठेवले की बहुधा ‘यातले काहीच नको, आम्हाला तर अमुक हवे होते’ असे उत्तर येते, आणि न विचारता उद्देश कळतो.

दुसरा मार्ग वृत्तपत्रांतल्या फोटोओळीचा. काय आहे, कोण आहे, कुठे आणि कधी एवढेच लिहायचे : ‘भिरंडे फोडून आगळ काढताना गटाच्या सदस्या, फोंडा तालुका, मे महिना.’ ही ओळ कोणाला काही करायला सांगत नाही, म्हणून विक्रीही करत नाही. पण ती कुठेही लावली तरी खोटी पडत नाही. उद्देश माहीत नसताना एवढेच प्रामाणिकपणे लिहिता येते. मात्र तीतले ‘काय’ तरी विचारूनच घ्यावे लागते. बाटलीत अमृत कोकम असते तर हीही ओळ चुकली असती.

या पद्धतीची एक सीमाही आहे. तीन प्रश्नांनी चुकीचा मजकूर टाळता येतो, पण चांगल्या मजकुराची हमी मिळत नाही. जागा, आवाज आणि उद्देश तिन्ही माहीत असूनही वाक्य रटाळ होऊ शकते. तिथे पुढे भाषेचा सराव लागतो. शिवाय मम्मटाच्या यादीतला ‘जवळ असलेला तिसरा’ पूर्णपणे आवाक्यात येत नाही. शेजाऱ्यांसाठी लिहिलेले स्टेटस कोणी चित्रासह उचलून दुसऱ्या गटात टाकले, की तेथे ते विक्रीची जाहिरात म्हणून वाचले जाऊ शकते. त्यावर उपाय एकच, की कोणाला सांगतो आहोत हे वाक्यातच असावे. ‘तुमच्या परसात’ हे दोन शब्द तेवढ्यासाठी पहिल्या ओळीत आहेत.

वर्गासाठी यातून एक पाठ सहज तयार होतो. एकच छायाचित्र सर्वांना द्यावे आणि विद्यार्थ्यांच्या तीन गटांना तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्याव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर जागा, बोलणारा आणि अपेक्षित कृती. चौथ्या गटाला चिठ्ठीच देऊ नये. मजकूर लिहून झाल्यावर ते अदलाबदल करून वाचावेत, आणि वाचणाऱ्यांनी मजकुरावरून चिठ्ठी ओळखावी. पहिल्या तीन गटांची चिठ्ठी ओळखता आली तर मजकूर जमला. चौथ्या गटाच्या मजकुरात विशेषणे मोजावीत आणि फळाचे नाव बदलून वाक्य वाचून पाहावे. बिनसंदर्भाच्या मागणीत काय हरवते हे व्याख्यानापेक्षा त्या मोजणीतून लवकर समजते.